पारशी कमी का होत आहेत? तीन साधनांची साक्ष

१९५१ साली भारतात १,११,७९१ पारशी होते. २०११च्या जनगणनेत ते ५७,२६४ भरले, म्हणजे साठ वर्षांत समाज जवळजवळ निम्म्यावर आला. त्यातले चव्वेचाळीस हजारांहून अधिक लोक महाराष्ट्रात आणि बहुतेक मुंबईत राहतात. तेव्हा हा प्रश्न आपल्या शेजारातलाच आहे. दादरच्या पारशी कॉलनीत किंवा नवसारीच्या एखाद्या मोहल्ल्यात ‘असे का झाले’ असे विचारले, की दोन उत्तरे मिळतात. एक गट म्हणतो, मुले-मुली समाजाबाहेर लग्न करतात म्हणून. दुसरा म्हणतो, लग्नच उशिरा होते किंवा होत नाही, आणि झाले तरी मूल एकच. दोन्ही बाजूंची माणसे तळमळीने बोलतात आणि दोघांजवळही ओळखीतल्या घरांची उदाहरणे असतात. उदाहरणांनी हा वाद सुटत नाही, म्हणून समाजशास्त्राचे अभ्यासक येथे तीन वाटांनी जातात: जुनी दप्तरे तपासायची, घरोघरी प्रश्नावली घेऊन पाहणी करायची, आणि काही निवडक माणसांसमोर बसून सविस्तर मुलाखती घ्यायच्या.

अभ्यासपद्धतीच्या पुस्तकांत याला त्रिकोणीकरण म्हणतात. १९७०च्या सुमारास नॉर्मन डेन्झिन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने ही कल्पना नीट मांडली. तिन्ही साधनांनी एकच उत्तर दिले की निष्कर्ष पक्का, असा तिचा सोपा अर्थ लावला जातो. पारशी समाजाच्या बाबतीत मला तो अपुरा वाटतो. येथे खरी माहिती हाती येते ती साधने एकमेकांशी भांडतात तेव्हा. त्या भांडणाचे कारण शोधताना प्रत्येक साधन नेमके कोणाला मोजते आणि कोणाला वगळते, हे उघड होते.

आधी दप्तरांचे पाहू. सर्वांत मोठे दप्तर जनगणनेचे. १९६१ साली पारशी होते १,००,७७२ आणि १९७१ साली ९१,२६६, म्हणजे दहा वर्षांत सुमारे साडेनऊ टक्के घट. मग १९८१ साली आकडा एकदम ७१,६३० वर आला. साडेएकवीस टक्के लोक दहा वर्षांत गेले कुठे? आणि १९९१ साली तो पुन्हा चढून ७६,३८२ झाला. २००१ साली परत उतरून ६९,६०१.

हा चढ पाहिला की अभ्यासकाने थांबायला हवे. ज्या समाजात दरवर्षी जन्मांपेक्षा मृत्यू जास्त आहेत आणि तरुण परदेशी जात आहेत, तो समाज दहा वर्षांत साडेसहा टक्क्यांनी वाढेल कसा? परदेशातून हजारोंनी लोक परत आले असते तर बागांतल्या घरांवर, शाळांवर, अग्यारीतल्या गर्दीवर त्याच्या खुणा दिसल्या असत्या. तशा त्या दिसत नाहीत. आता १९८१चा आकडा क्षणभर बाजूला ठेवा आणि १९७१वरून थेट १९९१वर या. वीस वर्षांत सुमारे सोळा टक्के घट, म्हणजे दर दशकाला आठ-साडेआठ टक्के. आधीच्या दशकात साडेनऊ आणि नंतरच्या दशकात जवळजवळ नऊ टक्के घट आहे. सगळी रेघ सरळ उतरते, अडखळते फक्त १९८१पाशी. त्या रेघेवर १९८१चा आकडा सुमारे त्र्याऐंशी हजारांच्या आसपास बसायला हवा होता. म्हणजे दहा-बारा हजार पारशी त्या वर्षी मोजणीत सुटले असावेत. लोकसंख्याशास्त्रज्ञांनीही १९८१च्या मोजणीवरच संशय घेतला आहे.

सरकारी शिक्क्याचे, छापील दप्तरही चुकते, आणि ते चुकले हे त्याच्या शेजारच्या आकड्यांवरून कळते. केवळ १९७१ आणि १९८१ शेजारी ठेवून कोणी लेख लिहिला असता, तर समाज पस्तीस-चाळीस वर्षांत संपणार असे भाकीत त्याने केले असते. १९८१ आणि १९९१ शेजारी ठेवणाऱ्याने सगळे ठीक चालले आहे म्हणून सुस्कारा टाकला असता.

जनगणनेच्या जोडीला समाजाची स्वतःची दप्तरे आहेत, आणि ती विलक्षण श्रीमंत आहेत. बॉम्बे पारसी पंचायतीचे कागद आहेत. बमनजी बेहरामजी पटेल यांनी एकोणिसाव्या शतकात गुजरातीत सुरू केलेला ‘पारसी प्रकाश’ आहे, त्यात समाजातले मृत्यू, दानधर्म, मानमरातब असे सगळे तारीखवार नोंदलेले सापडते. पारशी विवाहांची कायद्याने ठेवलेली नोंद आहे. मलबार हिलवरच्या डुंगरवाडीची अंत्यसंस्कारांची वही आहे. इतक्या लहान समाजाने स्वतःची इतकी काटेकोर नोंद ठेवावी, याचा अभ्यासकाला हेवा वाटावा.

पण या प्रत्येक वहीला एक दार आहे, आणि दारातून कोणाला आत घ्यायचे ते आधीच ठरलेले आहे. १९०८ साली मुंबई उच्च न्यायालयात पेटिट विरुद्ध जीजीभॉय हा खटला गाजला. त्यामागे रतनजी दादाभाई टाटा यांच्या फ्रेंच पत्नी सुझान, म्हणजे जे. आर. डी. टाटांच्या आई, यांना समाजात घेण्याचा प्रश्न होता. न्यायमूर्ती दावर आणि बीमन यांनी पारशी कोण, याची जी व्याख्या सांगितली तिच्यात पारशी वडिलांची मुले बसतात, आई परधर्मीय असली तरी. पारशी आईची आणि परधर्मीय वडिलांची मुले बसत नाहीत. ही व्याख्या पुढे पंचायतीच्या व्यवहारात रुजली.

आता जनगणनेशी तुलना करा. प्रगणक दारात येतो, धर्म विचारतो आणि सांगितला तो लिहून घेतो. पारशी आईने आपल्या मुलाचा धर्म जरथुश्ती सांगितला तर तो जरथुश्तीच. म्हणजे तेच मूल जनगणनेत पारशी आहे आणि पंचायतीच्या यादीत नाही. दोन आकड्यांत फरक पडला तर कोणीतरी खोटे बोलले असे समजण्याचे कारण नाही, दोन वह्यांनी दोन वेगवेगळे समाज मोजले आहेत.

विवाहनोंदीचे तसेच. १९३६च्या पारशी विवाह आणि घटस्फोट कायद्याखाली फक्त दोन पारशांचा, आशीर्वाद विधीने झालेला विवाह नोंदला जातो. पारशी मुलीने मराठी किंवा बंगाली मुलाशी लग्न केले तर ती विशेष विवाह कायद्याकडे जाते आणि तिचे लग्न वेगळ्याच कार्यालयात नोंदले जाते. पारशी विवाहांच्या नोंदवहीत आंतरधर्मीय विवाह शून्य आहेत, आणि शून्यच राहणार. ते घटत आहेत की वाढत आहेत हे त्या वहीला कळूच शकत नाही. दोन पारशांच्या लग्नांची संख्या कमी झालेली दिसते, पण ती कमी झालेली लग्ने बाहेर गेली की झालीच नाहीत, हा आपला मूळ प्रश्न तिथे अनुत्तरितच राहतो.

डुंगरवाडीच्या वहीवर अलीकडे एक वेगळे संकट आले. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे गिधाडे मेली आणि दोखम्यांची जुनी व्यवस्था कोलमडली. काही कुटुंबे दहनाकडे वळली. २०१५ साली वरळीच्या स्मशानभूमीत त्यांच्यासाठी प्रार्थनागृह सुरू झाले. तेव्हापासून डुंगरवाडीच्या नोंदीत मृत्यू कमी झालेले दिसले तर लोक कमी मरत आहेत असा अर्थ काढता येणार नाही, काही नोंदी फक्त मलबार हिलवरून वरळीला गेल्या आहेत. हे ज्याला ठाऊक नाही त्याचा आलेख सुंदर येईल आणि चुकीचा येईल.

दप्तरांचे हे आंधळे कोपरे भरायला पाहणी लागते. पारशांच्या पाहण्या झाल्या आहेत. १९८२ साली मालिनी कारकल यांनी बृहन्मुंबईतल्या पारशांची पाहणी केली. ब्रिटिश अभ्यासक जॉन हिनेल्स यांनी हाँगकाँगपासून उत्तर अमेरिकेपर्यंत विखुरलेल्या जरथुश्ती लोकांवरचा आपला मोठा ग्रंथ २००५ साली प्रसिद्ध केला. त्यात जुनी दप्तरे, प्रश्नावली आणि मुलाखती तिन्ही एकत्र आहेत.

पाहणीतली पहिली अडचण यादीची. मुंबईत यादृच्छिकपणे हजार दारे ठोठावली तर चार-पाच पारशी घरेही मिळणार नाहीत. मग अभ्यासक सोयीच्या जागी जातो: कुसरो बाग, रुस्तम बाग, दादर पारशी कॉलनी. तिथे माणसे एका ठिकाणी मिळतात, एकाने ओळख करून दिली की दहा दारे उघडतात. पण बागेत राहणारा पारशी हा समाजाच्या मधोमध राहणारा पारशी आहे. अंधेरीच्या एखाद्या सोसायटीत दोनच पारशी घरे असतील, पुण्यात किंवा ठाण्यात परधर्मीय नवऱ्याबरोबर कोणी राहत असेल, ती माणसे या यादीत येतच नाहीत. तेव्हा यादी मुद्दाम दोन-तीन ठिकाणांहून जमवावी लागते: बागांतून, बागांबाहेरच्या मतदारयाद्यांतल्या आडनावांवरून, आणि समाजाबाहेर लग्न केलेल्यांच्या ओळखीपाळखीतून. मग प्रत्येक गटाचे उत्तर वेगळे मांडायचे. ते सगळे एकत्र ढवळून सरासरी काढली तर इतकी खटपट वाया जाते.

दुसरी अडचण गणिताची आहे, आणि ती वर्तमानपत्रांतून इतक्यांदा चुकते की तिच्यावर थोडे थांबणे भाग आहे. समजा, एका वर्षी शंभर लग्ने अशी झाली की ज्यात निदान एक जण पारशी होता. त्यातली साठ दोन पारशांची आणि चाळीस बाहेरची. बातमी येते: ‘चाळीस टक्के पारशी समाजाबाहेर लग्न करतात.’ आता माणसे मोजा. साठ लग्नांत पारशी एकशेवीस. चाळीस लग्नांत पारशी चाळीस. म्हणजे त्या वर्षी लग्न केलेले पारशी एकशेसाठ आणि त्यांपैकी बाहेर लग्न करणारे चाळीस, म्हणजे चौथा हिस्सा. लग्ने मोजली तर चाळीस टक्के, माणसे मोजली तर पंचवीस. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त प्रश्न दोन आहेत. दप्तरातून येणारा आकडा बहुधा लग्नांचा असतो, कारण नोंद लग्नाची होते. पाहणीतला आकडा बहुधा माणसांचा असतो, कारण प्रश्न माणसाला विचारला जातो. ते शेजारी ठेवून ‘दोन साधनांत विसंगती’ असे लिहिणाऱ्याने आधी हे भागाकार तपासावेत.

आणि या दोन्ही आकड्यांत एक माणूस नाहीच: लग्न न केलेला. तो लग्नाच्या वहीत नाही, लग्नांच्या टक्केवारीतही नाही. पाहणीत मात्र तो दिसतो, कारण पाहणी माणसाच्या वयापासून सुरू होते. पारशी समाजात कधीच लग्न न करणाऱ्यांचे प्रमाण भारतातल्या कुठल्याही मोठ्या समाजापेक्षा फार जास्त आहे, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. सईद उनिसा, आर. बी. भगत आणि टी. के. रॉय यांच्यासारख्या लोकसंख्याशास्त्रज्ञांनी २००१च्या आकड्यांवरून दाखवले, की पारशी स्त्रीमागे सरासरी एकाहूनही कमी मूल होते. लोकसंख्या टिकायला दोनहून थोडे जास्त लागते. त्याच जनगणनेत साठीपुढचे लोक एकतीस टक्के होते आणि सहा वर्षांपर्यंतची मुले पाच टक्क्यांच्याही आत. बाहेरच्या लग्नांमुळे काही मुले मोजणीतून जातात हे खरे आहे. पण इतका खोल खड्डा तेवढ्याने पडत नाही, तो मुख्यतः न झालेल्या आणि उशिरा झालेल्या लग्नांचा आहे. माझ्या मते पुरावा याच बाजूला झुकतो, आणि समाजातल्या पहिल्या गटाला तो रुचत नाही हेही मला दिसते.

येथे एका फसव्या एकमताची गोष्ट सांगायला हवी. समजा, अभ्यासकाने पंचायतीच्या कागदांतून कुटुंबांची यादी घेतली, त्याच यादीवरून पाहणी केली, आणि त्याच घरांतून मुलाखतींसाठी माणसे निवडली. तिन्ही साधने एका सुरात बोलतील, आणि निष्कर्ष भक्कम वाटेल. पण १९०८च्या व्याख्येने जी स्त्री पहिल्या यादीतून गळली, ती पाहणीतूनही गळली आणि मुलाखतीतूनही. एकच चूक तीनदा मोजली गेली. म्हणून साधने तीन असून भागत नाही, त्यांच्याकडे जाण्याच्या वाटाही वेगळ्या असाव्या लागतात. निदान एका साधनाने तरी समाजाच्या दाराबाहेरून आत यायला हवे. ‘पारसियाना’ या नियतकालिकाने १९८७ साली समाजाचा रोष पत्करून आंतरधर्मीय विवाहांच्या बातम्या छापायला सुरुवात केली. त्यांचे जुने अंक आज संशोधकाला अशीच एक वेगळी वाट देतात.

आता मुलाखती. पाहणीत ‘लग्न का केले नाही?’ या प्रश्नाला पर्याय दिलेले असतात: घर नाही, योग्य स्थळ मिळाले नाही, करिअर, इच्छा नव्हती. घर नाही या उत्तराला पंचायतीचे दप्तरही दुजोरा देते, कारण बागांतल्या घरांची प्रतीक्षायादी लांब असते. इथपर्यंत दोन साधने जुळली. पण पन्नाशीच्या अविवाहित स्त्रीसमोर दोन तास बसले आणि पर्याय न देता ‘तिशीत असताना घरात कोण कोण होते?’ एवढेच विचारले, की बोलणे वेगळ्याच दिशेला जाते. आई आजारी, वडील निवृत्त, भाऊ कॅनडात, आणि बागेतले ते दोन खोल्यांचे घर वडिलांच्या नावावर. लग्न करून ती गेली तर आई-वडिलांकडे कोण पाहणार? पाहणीच्या कागदावर अशी स्त्री ‘योग्य स्थळ मिळाले नाही’ यावर खूण करते, कारण म्हाताऱ्या आईमुळे लग्न राहिले असे लिहायला तिचे मन धजत नाही. एकतीस टक्के वृद्ध हा जनगणनेतला आकडा आणि लग्न न झालेली मुलगी हा पाहणीतला आकडा, यांच्यामधला धागा मुलाखतीतच हाती लागतो. कमी जन्मांमुळे वृद्धांचे प्रमाण वाढते, आणि वृद्धांच्या सेवेत पुढच्या पिढीची लग्ने राहून जातात. हे वर्तुळ एकट्या आकड्यांतून दिसत नाही.

मुलाखतीलाही मर्यादा आहेत. माणूस मागे वळून आपल्या आयुष्याची संगती लावतो. तिशीत जे आपसूक घडले ते पन्नाशीत त्याग म्हणून आठवते, किंवा उलट. म्हणून सांगितलेल्या गोष्टीतली तपासता येण्यासारखी बाब, म्हणजे भाऊ कोणत्या साली गेला, वडील केव्हा वारले, घर कोणाच्या नावावर, ही पुन्हा दप्तराशी लावून पाहायची. गोष्ट खोटी ठरवण्यासाठी हे करायचे नसते. घटनांचा क्रम कळावा एवढ्यासाठी करायचे. आईचे आजारपण लग्नाच्या वयाच्या दहा वर्षे नंतरचे निघाले, तर ते कारण म्हणून लिहिता येणार नाही.

आणखी एक जबाबदारी या समाजाच्या लहानपणातून येते. मोठ्या समाजात ‘पंचावन्न वर्षांची डॉक्टर, अविवाहित’ एवढे लिहिले तर कोणी ओळखत नाही. पारशांत बागेचे नाव जोडले की साऱ्या बागेला ती कोण हे कळते. पाहणीच्या कोष्टकातल्या ज्या रकान्यात चार-पाचच माणसे उरतात तो रकाना छापायचा नाही, आणि मुलाखतीतला तपशील दोन-तीन व्यक्तींचा मिळून लिहायचा किंवा व्यवसाय बदलायचा. अचूकता थोडी गमवावी लागते. ती गमवावीच, कारण त्या माणसांना उद्याही त्याच जिन्याने चढ-उतार करायची आहे.

शेवटी तिन्ही साधने एका मोठ्या कागदावर मांडली जातात. उभ्या रकान्यांत दप्तर, पाहणी, मुलाखत, आडव्या ओळींत एकेक प्रश्न. प्रत्येक चौकटीत उत्तराच्या खाली ‘यात कोण सुटले’ ही ओळ लिहायची. ती ओळ रिकामी राहिली तर काम पुरे झालेले नाही. असा कागद तयार झाला की उपायही वेगळे सुचतात. केंद्र सरकारची ‘जियो पारसी’ योजना २०१३ साली सुरू झाली तेव्हा तिचा भर वंध्यत्वावरील उपचारांच्या खर्चावर आणि समाजप्रबोधनावर होता. मूल होत नाही, हा तिने पकडलेला प्रश्न होता. पुढे तिच्यात मुलांच्या आणि घरातल्या वृद्धांच्या देखभालीसाठी आर्थिक साहाय्याची तरतूद आली. म्हाताऱ्या आईकडे पाहणाऱ्या मुलीचा प्रश्न त्या तरतुदीला भिडतो. उपचारांच्या खर्चाने तो सुटला नसता.

२०२१ची जनगणना लांबली, आणि पुढची २०२७ साली व्हायची आहे. तोवर २०११चा आकडाच वापरावा लागणार. २००१ ते २०११ या दशकात घट जवळजवळ अठरा टक्के होती, आधीच्या दशकाच्या दुप्पट. वृद्ध समाजात मृत्यू वाढतात, म्हणून यातले बरेचसे खरे असणार. पण १९८१ डोळ्यांसमोर असताना तो आकडा तपासल्याशिवाय घेता येत नाही. २०११च्या प्रगणकाच्या फॉर्ममध्ये सहा मोठ्या धर्मांना क्रमांक होते. बाकीच्यांचे नाव पूर्ण लिहायचे होते. ज्या घरी त्याने ‘जरथुश्ती’ किंवा ‘पारशी’ लिहिण्याऐवजी नुसते ‘इतर’ लिहिले असेल, ते घर या समाजाच्या आकड्यातून गेले. २०२७ साली प्रगणक दारात येईल तेव्हा घरच्या माणसाने धर्माचे नाव पूर्ण सांगावे, आणि ते पूर्ण लिहिले आहे की नाही हे त्याला जरूर विचारावे.